पुस्तक छापण्याआधी वाचायला देतेय. बोलावण्याचं पत्र वाचून सांगा, कुठे गडबड आहे?

भिवापुरी_मिरची (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, नंदनवनात राहते. वडील छोट्या लाइनवर गार्ड होते. इतवारीहून नागभीडला जाणारी ती नॅरो गेज गाडी इथल्या कित्येकांनी पाहिली असेल. त्या गाडीवर आणि तिच्या आसपास जगलेल्या माणसांवर मी चार वर्षं लिहीत होते. आता चौदा प्रकरणं झाली, साधारण ५२ हजार शब्द. मागच्या महिन्यात एका वाचनालयात दोन प्रकरणं वाचून दाखवली तेव्हा बाहेर एक वही ठेवली होती. ६३ जणांनी नाव आणि ई-मेल लिहून दिलं. त्यांना माझं हे पहिलंच पत्र जाणार आहे. खर्डा असा:

"सप्रेम नमस्कार. आपण आपले नाव नोंदवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, २०१५ साली बंद झालेल्या नागपूर-नागभीड नॅरो गेज रेल्वेवरील माझे पुस्तक लवकरच वाचकांच्या भेटीस येत आहे. आपल्यासारख्या रसिक वाचकांनी ते आधी वाचून बहुमोल अभिप्राय द्यावा, निवडक अभिप्राय मलपृष्ठावर छापण्याचा मानस आहे. काही चुका आढळल्यास कळवाव्यात. प्रकाशनपूर्व नोंदणी करणाऱ्यांस ४० टक्के सवलत. सोबत संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ जोडली आहे."

उद्या सकाळी पाठवायचा विचार आहे. काही खटकतंय का?

धंतोलीवाला (रविवार, रात्री १०.०५)

ताई, थांबा! आधी आयएसबीएन घ्या आणि कॉपीराइटची नोंदणी करा. त्याशिवाय पीडीएफ कोणाला दिलीत तर तुमचा हक्कच राहत नाही. उद्या कोणी स्वतःच्या नावावर छापलं तर काय करणार? माझ्या एका मित्राने स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने हस्तलिखित पाठवून ठेवलंय, पाकीट फोडलेलं नाही. तोही उपाय आहे.

कच्चा_खर्डा (रविवार, रात्री ११.२०)

मिरचीताई, उद्या सकाळी पाठवू नका. खटकणारी गोष्ट भाषेची नाही, ती नंतर बघू. मी वीसेक वर्षं हस्तलिखितं वाचून, कापून, जोडून खातो, त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही एका पत्रात तीन वेगवेगळ्या माणसांना बोलावलंय.

पहिला माणूस कच्चं हस्तलिखित वाचतो. त्याचं काम म्हणजे कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, कुठे चूक आहे, हे सांगणं. दुसऱ्याच्या हातात तयार पुस्तक येतं, छापण्याच्या जरा आधी, आणि तो मलपृष्ठासाठी किंवा एखाद्या दिवाळी अंकासाठी दोन ओळी लिहितो. तिसरा गिऱ्हाईक आहे. तो पैसे भरून सवलतीत प्रत राखून ठेवतो. तुमच्या पत्रात तिघेही एका दमात आले. मग होतं काय? वाचणाऱ्याला वाटतं, बाईंना माझं नाव मलपृष्ठावर छापायचंय. तो तुम्हाला चूक दाखवेल? तो "विदर्भाच्या मातीचा सुगंध" लिहून मोकळा होईल. आणि ज्याने पैसे भरले, त्याला तुम्ही कच्चा माल दिल्यासारखं होईल.

धंतोलीवाले, तुमचा काळजीचा मुद्दा बरोबर आहे, पण कारण चुकलं. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलं की हक्क लेखकाचा होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद कोर्टात गेला तर पुरावा म्हणून कामी येते. आयएसबीएनचा हक्काशी काहीही संबंध नाही, तो दुकानाने आणि ग्रंथालयाने पुस्तक ओळखायचा क्रमांक आहे. भारतात तो फुकट मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो, पण आत्ता त्याची घाई नाही. आणि ते बंद पाकीट तसंच राहू द्या, आठवण म्हणून.

सिग्नलवाला_काका (सोमवार, सकाळी ६.१५)

नमस्कार पोरी. काऊन ग, नागभीडची गाडी २०१५ ला कशी काय बंद झाली? २०१५ ला छिंदवाड्याची बंद झाली. नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धावून राहिली होती. मी स्वतः शेवटच्या दिवसांत उमरेडपर्यंत जाऊन आलो. पत्रातच तारीख चुकली तर पुस्तकात काय करून ठेवलं असशील बाप्पा!

भिवापुरी_मिरची (सोमवार, सकाळी ७.०२)

काका, कान पकडले. पुस्तकात २०१९ च आहे, आत्ता पाहिलं. पत्र लिहिताना छिंदवाड्याचं साल हातातून उतरलं. दोन्ही लाइनींवर एक प्रकरण आहे, त्याचा घोळ.

आणि खर्डा साहेब, तिघांना एकत्र बोलावलं हे वाचून रात्री झोप लागली नाही. खरं सांगू? मला तिघेही हवेत.

कच्चा_खर्डा (सोमवार, सकाळी ९.३०)

हवेतच. पण एकापाठोपाठ एक, आणि मधे दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवून. आत्ता फक्त पहिला.

काकांचा निरोप नीट बघा मात्र. तुम्ही अजून पत्रही पाठवलं नाही आणि पहिली चूक सापडली. ती सापडली कारण काका त्या लाइनीवरचे आहेत. असे जाणकार दोन-तीन हवेतच. पण सगळेच जाणकार घेतले तर सगळे इंजिनाच्या नंबरावर भांडतील, आणि नवव्या प्रकरणात वाचक का झोपतो हे कोणी सांगणार नाही. म्हणून निम्म्याहून जास्त असे घ्या ज्यांनी ती गाडी कधी पाहिलेली नाही.

शुद्धलेखन_मावशी (सोमवार, दुपारी १.१०)

ताई, मी प्रुफं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं, दोन वाचनं. पानाप्रमाणे दर, व्यक्तिगत निरोपात सांगते. "काही चुका आढळल्यास कळवाव्यात" यासाठी ६३ जणांना कशाला त्रास? एकच माणूस पुरे.

कच्चा_खर्डा (सोमवार, दुपारी २.४५)

मावशी, तुमची पाळी येईल, पण पानं लागल्यावर. आत्ता प्रुफं तपासली आणि उद्या सातवं प्रकरण उचलून तिसऱ्याच्या जागी आलं तर ताईंचे पैसे पाण्यात.

मिरचीताई, यावरून आठवलं. तुम्ही पीडीएफ म्हणालात. ती पानं लावलेली आहे का?

भिवापुरी_मिरची (सोमवार, दुपारी ३.३०)

हो. महालातल्या एका डीटीपीवाल्या दादांनी लावून दिली. डेमी आकार, १७३ पानं. छान दिसते हो! बाबांचा फोटो पण टाकलाय.

कच्चा_खर्डा (सोमवार, दुपारी ४.००)

छान दिसते, तीच तर अडचण. छापील पुस्तकासारखं दिसलं की वाचणारा ते झालेलं पुस्तक समजतो आणि चूक सांगायला संकोचतो. त्यातून तुमचाही हात थरथरेल, कारण प्रत्येक दुरुस्तीला दादांकडे जावं लागेल.

आता हिशोब बघा. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांनी छापतात. तुमची १७३ पानं, शिवाय शीर्षकपान, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका मिळून आठ धरा. झाली १८१. अकरा फर्म्यांची १७६ पानं होतात, म्हणजे अर्धा फर्मा वाढवून १८४. तीन पानं शिल्लक. आता वाचकांनी सांगितलं की बाबांच्या गार्डच्या पेटीबद्दल अजून लिहा, आणि तुम्ही पाच पानं लिहिलीत. झाले बारा फर्मे, १९२ पानं. कागद वाढला, किंमत बदलली. आणि तुम्ही ४० टक्के सवलत जाहीर करून पैसे घेऊन बसला आहात, जुन्या किमतीवर. म्हणून आधी वाचक, मग पानं, मग किंमत, आणि सवलत सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की खिशाला चाट.

तात्यांचा_नातू (सोमवार, रात्री ८.५०)

माझा अनुभव सांगतो, उपयोग होईल का ठाऊक नाही. मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहिला आणि छापण्याआधी वीस नातेवाइकांना दिला. सोबत लिहिलं, "कसं वाटलं ते कळवा." चौदा जणांनी "खूप छान" कळवलं. दोन आत्यांनी एकमेकींशी बोलणं सोडलं, कारण आजीच्या पाटल्या कोणाकडे गेल्या ते पान ६१ वर होतं. उरलेल्या चौघांनी अजून उघडलं नाही, आणि पुस्तक येऊन सहा वर्षं झाली. छापून आल्यावर मात्र वीसच्या वीस जणांनी आपापल्या नावातली चूक दाखवली.

तर प्रश्न असा की नातेवाइकांना द्यायचं की नाही?

कच्चा_खर्डा (सोमवार, रात्री ९.४०)

मी म्हणेन, पहिल्या फेरीत नको. पण तुमच्या गोष्टीत खरा घोळ "कसं वाटलं" या प्रश्नाचा आहे. त्याला एकच उत्तर असतं, छान. प्रश्न असा विचारा की "छान" म्हणून सुटता येणार नाही. मी तीन विचारतो. कुठे ठेवून दिलंत, आणि परत कधी उघडलंत? कोणता परिच्छेद दोनदा वाचावा लागला? कोणतं माणूस किंवा ठिकाण डोळ्यांसमोर आलं नाही? बस. चौथा प्रश्न टाकला की पहिल्या तिघांची उत्तरं आखूड होतात, हा माझा अनुभव.

"काय बदलू?" हे विचारू नका. वाचकाचं दुखणं खरं असतं, औषध बहुतेक वेळा चुकीचं.

धंतोलीवाला (सोमवार, रात्री १०.१५)

ठीक आहे, हक्काचं मान्य. पण फाइल फिरली तर? इथे लोक लग्नपत्रिकेसारखं सगळं पुढे ढकलतात.

कच्चा_खर्डा (सोमवार, रात्री १०.४०)

फिरू शकते, अडवता येत नाही. मी प्रत्येक प्रतीच्या प्रत्येक पानाखाली त्या वाचकाचं नाव टाकतो: "ही प्रत अमुक यांच्यासाठी." त्याने कुलूप लागत नाही, पण पुढे ढकलताना बोट जरा अडखळतं. आणि पहिल्यांदा सगळं पुस्तक देऊच नका, तीन प्रकरणं द्या. ती वाचून ज्यांनी वेळेत कळवलं, त्यांनाच पुढचं.

उमरेडकर_आयटीवाली (मंगळवार, सकाळी ११.०५)

फाइलबद्दल दोन गोष्टी, मी यात पोळलेय. एक, डीटीपीवाल्यांची फाइल बरेचदा जुन्या फॉन्टमध्ये असते, युनिकोडमध्ये नसते. पीडीएफ दिसते बरोबर, पण त्यातली ओळ कॉपी करून निरोपात चिकटवली की "´ÖÖ—µÖÖ" असलं काहीतरी येतं. वाचक तुम्हाला वाक्य दाखवूच शकत नाही. तुमच्याकडची मूळ टाइप केलेली युनिकोड फाइल घ्या.

दुसरं, बहुतेक लोक फोनवरच वाचणार. डेमी पानाची पीडीएफ फोनवर उघडली की प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. वर्डची फाइल दिली तर प्रत्येकाच्या फोनवर पान वेगळं. एकाचं पान ४२ म्हणजे दुसऱ्याचं ५७. मी माझ्या वेळी पान लहान करून, अक्षर मोठं ठेवून पीडीएफ केली आणि परिच्छेदांना क्रमांक घातले. १, २, ३ सरळ शेवटपर्यंत. म्हणजे बसमध्ये बसलेला माणूसही "परिच्छेद ३७ बोअर" एवढं बोलून पाठवू शकतो.

आणि ताई, सगळ्यांचे पत्ते "प्रति"च्या रकान्यात घालू नका हं, गुप्त प्रतीत घाला. नाहीतर ६३ जणांना ६३ पत्ते मिळतात आणि कोणीतरी त्यावर विम्याच्या योजना पाठवतो.

कच्चा_खर्डा (मंगळवार, सकाळी ११.३०)

परिच्छेदांना क्रमांक! एवढी वर्षं पान नंबरांवर भांडलो आणि हे सुचलं नाही. उचलतोय.

सदाशिव_नव्हे_शनिवार (मंगळवार, दुपारी १२.२०)

मी पुण्याचा, गाडी पाहिलेली नाही, म्हणजे तुमच्या निकषात बसतो. मला द्या. फक्त एक विचारतो, संवाद प्रमाण मराठीत आहेत ना? वाचनालयातल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण कोणीतरी पाठवलं होतं, त्यात "येऊन राहिला", "जाऊन राहिला" ऐकलं. ते छापण्याआधी दुरुस्त करावं लागेल.

सिग्नलवाला_काका (मंगळवार, दुपारी १२.४५)

दुरुस्त काय कराचं त्यात? माणूस जसा बोलून राहिला तसा लिहिला. इतवारीचा हमाल "येत आहे" म्हणन का?

भिवापुरी_मिरची (मंगळवार, दुपारी २.१०)

नागभीडच्या बाजूला तर झाडीबोली आहे, ती नागपुरीपेक्षाही निराळी. तिकडची माणसं मी त्यांच्याच बोलीत ठेवलीत. पण माझी एक मैत्रीण म्हणाली की पुण्या-मुंबईचा वाचक चौथ्या पानावर पुस्तक मिटेल. आता हे वाचक तिथे खुणा करतील, त्या मानायच्या की नाही?

कच्चा_खर्डा (मंगळवार, दुपारी ३.००)

"हे अशुद्ध आहे" ही खूण बाजूला ठेवा. "इथे कोण बोलतंय कळलं नाही" ही खूण गंभीरपणे घ्या. दोन्ही एकाच वाक्यावर येऊ शकतात, पण दुखणं वेगळं आहे. कठीण शब्दाला तळटीप द्यावी की नाही यावर मात्र माझं मत डळमळीत आहे. मला तळटीपा आवडत नाहीत, माझ्या प्रकाशकांना आवडतात.

शनिवारकर, तुम्हाला घ्यावंच. बोलीवर अडणारा एक वाचक हवा.

सदाशिव_नव्हे_शनिवार (मंगळवार, दुपारी ३.१५)

हे कौतुक आहे की टोमणा?

भिवापुरी_मिरची (बुधवार, रात्री ९.००)

नवा खर्डा. सांगा.

"नमस्कार. गेल्या महिन्यात वाचनालयात तुम्ही वहीत नाव लिहिलंत, म्हणून हे पत्र. इतवारी ते नागभीड धावणाऱ्या आणि २०१९ मध्ये थांबलेल्या छोट्या गाडीवर मी पुस्तक लिहिलंय. ते अजून छापायला गेलेलं नाही, कच्चं आहे. मला बारा माणसं हवीत, जी तीन प्रकरणं (फोनवर साधारण दीड तास) वाचून तीन प्रश्नांची उत्तरं देतील. मुदत एकवीस दिवस. बोलून पाठवलं तरी चालेल. ज्यांनी ही गाडी कधी पाहिली नाही त्यांनी जरूर लिहा, आणि ज्यांनी तिच्यावर नोकरी केली त्यांनीही. वाचायचं असेल तर या पत्राला 'हो' एवढंच उत्तर द्या आणि तुम्ही गाडी पाहिली आहे की नाही ते सांगा. वेळ नसेल तर उत्तर देऊ नका, पुस्तक आल्यावर कळवीनच. पुढे अशी पत्रं नको असतील तर 'नको' लिहा, नाव काढून टाकेन."

फाइल जोडली नाही. सवलत काढली. मलपृष्ठ काढलं. "रसिक" पण काढलं, थोडं वाईट वाटलं.

कच्चा_खर्डा (बुधवार, रात्री ९.२५)

पाठवा. विषयाच्या ओळीत "छोटी गाडी: बारा वाचक हवेत" असं काहीतरी टाका. "पत्र क्रमांक १" वगैरे नको. आणि दहाव्या दिवशी एकदाच आठवण करा, त्यात "अजून वाचलं नाही का" असं विचारू नका. "कुठपर्यंत आलात" विचारा.

तात्यांचा_नातू (बुधवार, रात्री ९.५०)

ऋणनिर्देशात नावं टाकणार असाल तर आधी विचारून घ्या. आमच्याकडे त्यावरूनही झालं होतं.

भिवापुरी_मिरची (सव्वा महिन्यानंतर, शनिवार, सायंकाळी ६.३०)

धागा वर काढतेय. ६३ जणांना पत्र गेलं. तीन परत आले, वहीतलं अक्षर मला लागलं नव्हतं. १९ जणांनी "हो" लिहिलं. त्यातले बारा निवडले, चार जाणकार आणि आठ न पाहिलेले. मुदतीत आठ जणांनी कळवलं, दोघांनी आठवणीनंतर. दोघांचा पत्ता नाही.

आता मजा. दुसऱ्या प्रकरणात मी गाडीचं पूर्ण वेळापत्रक गद्यात लिहिलं होतं, उमरेडला किती मिनिटं थांबायची, भिवापूरला मिरचीची पोती चढायची तेव्हा किती उशीर व्हायचा. मला तो भाग फार लाडका. दहापैकी सहा जण तिथेच ठेवून उठले, परिच्छेद ४१ ते ४६. पैकी एक परत आठ दिवसांनी आला. जाणकारांपैकी मात्र एकानेही तक्रार केली नाही, उलट एकाने अजून गाड्यांच्या वेळा पाठवल्या.

आणि बाबांच्या पेटीबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या. हातदिवा, लाल-हिरवी झेंडी, फटाक्यांची डबी. ते फटाके रुळावर लावतात, चाक गेलं की आवाज होतो आणि मागून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सावध होतो, हे मला इतकं घरचं की समजावून सांगायचं सुचलंच नाही. सात जणांनी विचारलं, गार्डच्या पेटीत फटाके कशाला? एकीला वाटलं दिवाळीचे. आता त्यावर चार-पाच पानं होतील. म्हणजे बाराच फर्मे, खर्डा साहेब!

वेळापत्रक कापवत नाहीये. मिरचीच्या पोत्यांपुरतं ठेवून बाकी मागे परिशिष्टात टाकू का?

कच्चा_खर्डा (शनिवार, रात्री ८.००)

परिशिष्टात टाका, जाणकार तिथे जाऊन आनंदाने भांडतील. तळटीपांचं काय झालं?

भिवापुरी_मिरची (शनिवार, रात्री ८.१५)

तीन म्हणतात द्या, तीन म्हणतात नको, चौघांनी त्याबद्दल काही लिहिलंच नाही. शनिवारकरांनी सतरा ठिकाणी "अशुद्ध" लिहिलंय आणि शेवटी लिहिलंय, हमालाचा संवाद बदलू नका. मला काहीच कळेना.

दुसरा प्रश्न. शेवटचं प्रकरण बाबांच्या आजारपणावर आहे. ते पुढच्या फेरीत द्यावं का? भाऊ म्हणतो, छापण्याआधी परक्यांनी वाचायला नको. आणि त्याने स्वतः अजून वाचलेलं नाही.

तात्यांचा_नातू (शनिवार, रात्री ८.४०)

भावाला आधी द्या. माझ्या आत्यांची शपथ.

कच्चा_खर्डा (शनिवार, रात्री ९.०५)

मी पहिल्या फेरीत घरचे नकोत म्हणालो होतो, पण इथे मला ठाम सांगता येत नाही.

सिग्नलवाला_काका (रविवार, सकाळी ६.०५)

पोरी, परिच्छेद ११२ पाहा. तुया बाबांनी दिवा दाखवला अन् गाडी सुटली, असं तू लिवलं. कोणता दिवा, ते लिवलंच नाही. लाल, का हिरवा? बाकीचं बोलून पाठवतो, चष्मा सापडून नाही राहिला.